कुर्तीचा पडता आणि बाजारातली घासाघीस

प्रश्न: "अमळनेरला छोटं दुकान आहे, शिवाय आजूबाजूचे दोन आठवडे बाजार करतो. कुर्ती, गाऊन, लेगिंग्ज असा माल सुरतेहून आणतो. गिऱ्हाईक भाव केल्याशिवाय घेतच नाही. कमी केलं तर हातात काही राहत नाही, नाही केलं तर उठून पुढच्या पथारीवर जातं. जुनी गिऱ्हाइकं आता म्हणतात, 'तिला स्वस्त दिलं, आम्हाला महाग.' एकच भाव लावून टाकू का?"

भाऊ, बोलण्याच्या पद्धतीकडे नंतर येऊ. आधी एक विचारतो: तुमच्या एका कुर्तीचा पडता किती, म्हणजे सगळा खर्च धरून ती तुम्हाला कितीला पडते, हे तुम्हाला गिऱ्हाईक समोर असताना कागद न बघता सांगता येतं का? बहुतेक लहान दुकानदार सुरतेच्या बिलावरचा आकडा सांगतात. घासाघीशीत मार खाण्याचं मुख्य कारण तेच आहे. बिलावरचा आकडा हा पडता नव्हे.

एक खेप धरून चालू. सुरतेहून ६० कुर्त्या आणल्या, करासकट बिल १२,६०० म्हणजे नगाला २१०. जाण्यायेण्याचं भाडं, जेवण, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि हमाली मिळून १,२०० धरा. नगामागे २० रुपये चढले, झाले २३०, आणि साठ नगांचे १३,८००. आता साठपैकी साठ कुर्त्या कधीच चांगल्या भावात जात नाहीत. दोन नग डागी किंवा उसवलेले निघाले, त्यांचं काही आलं नाही असं समजा. सहा नग शेवटी उरतात, बहुधा लहान साइजचे किंवा न चाललेल्या रंगाचे, ते १५० ने काढावे लागतात. त्यांचे आले ९००. उरलेल्या ५२ नगांमधून १२,९०० वसूल व्हायचे आहेत, म्हणजे नगाला २४८. त्यात बाजाराच्या दिवसाचा खर्च घाला: गाडीभाडं, सोबतच्या पोराची मजुरी, जागेची पावती, संध्याकाळची लाइट, चहापाणी. हे ६०० होत असेल आणि दिवसाला २५ नग जात असतील, तर आणखी २४ रुपये. एकूण २७२.

म्हणजे जो माणूस मनात २१० धरून बसलाय आणि २६० ला कुर्ती देऊन 'पन्नास सुटले' म्हणतोय, तो प्रत्यक्षात बारा रुपये घालून देतोय. दिवसभर गल्ल्यात नोटा दिसतात म्हणून हे लक्षात येत नाही. पुढच्या खेपेला सुरतेला जाताना पैसे कमी पडतात, तेव्हा कळतं.

हे आकडे तुमचे नाहीत, पण रीत हीच ठेवा. बाजाराचा खर्च आणि दुकानाचा खर्च वेगवेगळा काढा. दुकानाचं भाडं आणि लाइटबिल महिन्याच्या नगांवर वाटलं की दुकानातला पडता बाजारातल्यापेक्षा जास्तही निघू शकतो. दिवसाला २५ च्या ऐवजी १२ च नग जात असतील तर २४ चे ५० होतात. त्यामुळे नवा, मंद बाजार धरला असेल तर आधी दोन-तीन महिने नग मोजा, मग भाव ठरवा.

आता याच कुर्तीचा सांगायचा भाव ३६० ठेवला असं समजू. ३६० ला गेली तर ८८ सुटतात. ३०० ला दिली तर २८. गिऱ्हाइकाला साठ रुपये म्हणजे सहावा हिस्सा सोडल्यासारखं वाटतं, पण तुमच्या नफ्यातले दोन तृतीयांशाहून जास्त गेले. ३६० ला एक नग विकून जे मिळतं, ते ३०० ला तीन विकूनही पुरतं मिळत नाही. म्हणून 'भाव कमी केला तरी खपावर निघेल' हे कुर्तीत सहसा खरं ठरत नाही. एका बाजारात तिप्पट गिऱ्हाईक आणायचं कुठून?

माझ्या मते या कुर्तीची खालची हद्द ३२०. शेवटी उरलेला माल सोडला तर त्याखाली एकही नग नाही, मग बोलणारी कोणी असो. आणि सांगायचा भाव ३६० च्या वर नको. बरेच जण ५०० सांगून ३०० ला देतात, कारण 'गिऱ्हाईक अर्ध्यात मागतंच'. पण गिऱ्हाईक अर्ध्यात मागायला शिकलं तेच पाचशे सांगणाऱ्यांमुळे. शिवाय तुमची जुन्या गिऱ्हाइकांची तक्रार नेमकी इथून येते. ५०० आणि ३०० च्या मध्ये जागा मोठी असली की जी बाई बोलण्यात तयार ती ३०० ला नेते, जी भिडस्त ती ४२० देते. दोघी एकाच गावच्या, एकाच काळीपिवळीतून परत जाणार, आणि गाडीत पहिला प्रश्न 'तुला कितीला पडली' हाच. ३६० आणि ३२० च्या मध्ये काहीही झालं तरी दोघींमध्ये फरक फार तर चाळीस रुपयांचा राहतो, बहुतेकदा दहा-पंधराचाच. तेवढ्यावर कोणी रुसत नाही.

सुरतेहून येणाऱ्या मालावर ७९९ किंवा ९९९ छापलेला टॅग असतो, तो दाखवून '७९९ ची ३६० ला' असं म्हणू नका. सगळ्या बाजाराला त्या टॅगची किंमत माहीत आहे. तो दाखवला की तुमच्या ३६० वरचाही विश्वास उडतो. मात्र पॅकबंद होजिअरीवर छापलेली एमआरपी ही वेगळी गोष्ट, त्याच्यावर एक रुपयाही घेता येत नाही.

पडता डोक्यात राहत नसेल तर टॅगच्या मागे लिहा, पण अक्षरांत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचं एखादं वाक्य ठरवायचं. उदाहरणार्थ 'रोज सकाळी दिवा चांगला': र म्हणजे १, ज २, स ३, क ४, ळ ५, द ६, व ७, च ८, ग ९, ल शून्य. २७२ झालं 'जवज'. हे उदाहरण आहे, तुमचं वाक्य तुमचं ठेवा आणि ते घरातल्या आणि दुकानातल्या भरवशाच्या माणसांनाच सांगा. टॅगवर खर्च चढवलेला पूर्ण पडता लिहायचा, बिलाचा नाही. नाहीतर गर्दीत तुमचाच पोरगा 'जरल' (२१०) वाचून २७० ला देऊन मोकळा होईल.

आता प्रत्यक्ष बोलणं. बाई कुर्ती हातात घेते आणि विचारते, "काय भाऊ, कितलाले शे?" लगेच आकडा सांगायची घाई नको. आधी साइज विचारा, कोणासाठी हवीय विचारा, घडी उघडून तिच्या हातात द्या. मग "तीनशे साठ, ताई" एवढंच. 'तीनशे साठ आहे पण कमी करू' असं स्वतःहून जोडलंत तर ३६० तिथेच मेला. ही चूक नव्या दुकानदारांत सगळ्यात जास्त दिसते, गिऱ्हाईक उठून जाईल या भीतीपोटी.

ती म्हणेल, "दोनशेले देस का?" यावर रागवायचं नाही, हसायचं नाही, आणि मुख्य म्हणजे लगेच दुसरा आकडाही सांगायचा नाही. २०० वर तुम्ही ३४० म्हणालात की बोलणं दोनशे आणि तीनशे चाळीसच्या मध्ये अडकतं आणि मधला आकडा २७० निघतो, म्हणजे तुमच्या पडत्याच्याही दोन रुपये खाली. त्याऐवजी मालावर या. कुर्ती उलटी करा. आतली शिलाई इंटरलॉकची आहे ते दाखवा, बाजूच्या शिवणीत ठेवलेला दाब बोटाने उघडून दाखवा आणि सांगा, "ताई, घट्ट झाली तर इथून उसवून बोटभर सैल होते." चौदा किलोचं रेयॉन असेल तर हलकी आणि भारी अशा दोन कुर्त्यांची कापडं तिच्या दोन हातांत द्या. वजनातला फरक हाताला लगेच कळतो, सांगावा लागत नाही. मग जवळच ठेवलेली हलकी कुर्ती पुढे करा: "दोनशेत काही नाही, अडीचशेत ही येते." ती अडीचशेची कुर्ती वेगळ्या पडत्याची, नफा धरून ठरवलेली असली पाहिजे. असा एक खालचा माल पथारीवर असावाच. ज्या बाईच्या पदराला खरंच तेवढेच पैसे आहेत तिची सोय होते, आणि जिला आधीचीच हवी होती ती स्वतःहून परत तिच्याकडे वळते.

आता ती दोनशेवरून वर सरकेल, "तीनशेले दे." इथून तुम्ही सरकायचं. पहिली सूट १५ ची: ३४५. ती आणखी सरकली तर दुसरी १० ची: ३३५. शेवटची ५ ची: ३३०. सूट लहान लहान होत गेली की तळ जवळ आला हे गिऱ्हाइकाला न सांगता कळतं. याउलट ३६० वरून ३५०, मग ३३०, मग ३०० असं मोठं मोठं तोडत गेलात तर अजून कितीतरी निघेल असंच तिला वाटणार, आणि ती थांबणार नाही. दुसरा नियम असा की ती एक पाऊल सरकल्याशिवाय तुम्ही दोनदा सरकायचं नाही. ती तीनशेवरच अडून असेल तर ३४५ वर थांबा, शांत राहा, घड्या घाला. गप्प राहणं जमलं पाहिजे. दुकानदाराने शांतता भरून काढायला बोललेला आकडा नेहमी त्याच्या तोट्याचा असतो.

३३० च्या खाली जायचं तर काहीतरी घेऊनच जा. "दोन घेतल्या तर साडेसहाशे करतो," म्हणजे ३२५ ला एक. 'पुढच्या वेळी बहिणीला, नणंदेला घेऊन येते' असली आश्वासनं सूट द्यायला चालत नाहीत, कारण ती तिच्या हातात नसतात.

सौदा ठरला की पिशवीत घालायच्या आधी आकडा मोठ्याने परत म्हणा: "तीनशे तीस, ताई. पॅक करू?" ती हो म्हणाली की मगच घडी. नाहीतर पिशवी हातात गेल्यावर तीनशे वीस पुढे येतात आणि "ऱ्हाऊ दे भाऊ" म्हणून ती निघते. पिशवी पैशांनंतर द्यायची, आणि फोनवर पैसे पाठवणार असेल तर आवाज आल्यावर. यात अविश्वास दाखवायचा नाही, फक्त क्रम पाळायचा. सुट्टे पैसे तुमच्याकडे सकाळपासून हवेत. दहा-वीसच्या नोटा नसल्या की दर पाच गिऱ्हाइकांमागे दहा-वीस रुपये आपोआप सुटतात आणि ते कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत.

बाई उठून चालू लागली तर पाठीमागून "बरं, तीनशे दे" अशी हाक मारू नका. ती हाक फक्त तिला नाही, सगळ्या ओळीला ऐकू जाते आणि त्या दिवसाचा भाव ३०० होतो. "फिरून या ताई, ही बाजूला ठेवतो," एवढं म्हणा आणि खरोखर बाजूला ठेवा. परत आली तर शेवटी सांगितलेल्याच भावात द्या. वाढवायचं नाही, आणि 'बघा, आलात ना' असं तोंडातून निघता कामा नये. परत येणारी बाई आधीच थोडी अवघडलेली असते. तिला त्या वेळी सांभाळलंत तर पुढच्या बाजाराला ती दुसऱ्या पथारीवर आधी जाणार नाही.

बोहनीचा प्रश्न खान्देशात सगळ्यांनाच आहे. पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ द्यायचं नाही, ही श्रद्धा गिऱ्हाइकालाही माहीत असते आणि म्हणून चतुर माणसं मुद्दाम सकाळी येतात. श्रद्धा सोडा असं मी म्हणणार नाही. बोहनीची सूट आधीच ठरवून ठेवा, नगाला १० रुपये, आणि ती सगळ्यांना सारखी. शिवाय रुमाल, पेटीकोटची नाडी, लहान मुलांचे मोजे असा ३०-४० रुपयांचा माल पुढे मांडा. बोहनी कुर्तीनेच व्हायला हवी असं कुठे आहे?

संध्याकाळी आवरताना वेगळा मोह होतो. हिशेबाने बघितलं तर दिवसाचा खर्च होऊन गेलेला असतो, त्यामुळे शेवटची कुर्ती २८० ला दिली तरी २४८ च्या वर ३२ येतातच. एखाद्या वेळी हे ठीक आहे. पण दर बाजाराला दिवेलागणीला भाव पडतो हे गावांना दोन महिन्यांत कळतं, आणि मग दुपारचं गिऱ्हाईकच संध्याकाळी येऊ लागतं. म्हणून संध्याकाळची सूट फक्त उरलेल्या साइजवर द्या, सगळ्या मालावर नाही.

साइजचं जरा नीट सांगतो, कारण मार्जिन वाचवण्याची खरी जागा ही आहे. सुरतेचा माल सेटमध्ये येतो: एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. निवडून घेता येत नाही. आपल्याकडे एक्सएल आणि डबल एक्सएल आधी उडतात, एम मागे राहतो. वर हिशेबात जे सहा नग १५० ला गेले ते बहुतेक एमच असतात. मग सगळ्या साइजला सारखी घासाघीस कशासाठी? डबल एक्सएलमध्ये ३४५ च्या खाली जाऊ नका. ती कुर्ती आज नाही तर पुढच्या बाजाराला जाणारच, आणि त्या मापाची बाई चार पथाऱ्या फिरून आलेली असते. एम मात्र पहिल्या आठवड्यापासूनच ३२० ला द्यायला तयार राहा, कॉलेजच्या मुली दिसल्या की पुढे करा. सहा एम महिनाभर ठेवून १५० ला काढण्यापेक्षा पहिल्या पंधरवड्यात चार जरी ३२० ला गेल्या तर ६८० रुपये जास्त आले. एवढे रुपये ३४ गिऱ्हाइकांशी वीस-वीस रुपयांसाठी भांडून वाचतात.

लग्नाचा बस्ता किंवा आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची खरेदी असेल तर रीत बदला. तिथे एकेका नगावर भाव तुटला की शेवटी टोटलवर पुन्हा तुटतो, दोनदा मार बसतो. आधीच सांगा: "माल काढा, नगावर बोलू नका, शेवटी एकदाच बघू." बारा कुर्त्यांचं बिल ४,२६० झालं आणि ते ४,००० म्हणाले, तर हो म्हणायच्या आधी बाराने भागा. ३३३ येतात, हद्दीच्या वर आहे, द्या. ३,८०० म्हणाले तर ३१७, हद्दीच्या खाली. अशा वेळी रोख सूट वाढवण्यापेक्षा ४,००० वर एक लेगिंग द्या. तुम्हाला ती साठ-सत्तरला पडलेली असते, त्यांच्या घरी ती शंभराची धरली जाते.

जुन्या गिऱ्हाइकाला मागायला लावू नका. जी बाई कधी भाव करत नाही ती सगळ्यात जास्त पैसे देते, ही आपल्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आहे. ओळखीचा चेहरा दिसला की पहिलाच आकडा ३३५ सांगा: "तीनशे साठ सांगतो सगळ्यांना, तुमच्यासाठी तीनशे पस्तीस." त्यावर घासाघीस नाही. आणि साइज बदलून द्या: आठ दिवसांत किंवा पुढच्या बाजाराला, न धुतलेली, टॅग असलेली. सूनेसाठी, मुलीसाठी अंदाजाने घेणाऱ्या बाईला हा भरवसा वीस रुपयांपेक्षा मोठा वाटतो. तुम्हाला खर्च फक्त पुन्हा घडी घालण्याचा. बदलायला आलेल्या बाईला तोंड वाकडं करून दाखवलं तर मात्र सूटही गेली आणि बाईही.

सोबतच्या पोराची हद्द ठरवा. त्याने ३४५ पर्यंत बोलायचं, खाली जायचं असेल तर तुम्हाला विचारायचं. पण त्याने ३४५ म्हटल्यावर तुम्ही लगेच मध्ये पडून ३३० करू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळे पोराला सोडून थेट तुमच्याकडे येतात.

आता एकच भाव. लेगिंग, रुमाल, लहान मुलांचे फ्रॉक असा १५० च्या आतला माल ढीग करून पाटी लावून विका, तिथे घासाघीशीत जाणारा वेळच महाग पडतो. कुर्ती आणि गाऊन यांना बाजारात एकच भाव लावू नका. दुकानात लावता येईल, पण मग तो ३६० नाही, ३३५ असला पाहिजे, आणि पाटी लावल्यावर मामाच्या मुलीलाही ३३५. एकदा जरी मोडला तरी ती पाटी फुकट जाते, आणि पाटी लावूनही भाव कमी करणारा दुकानदार हा पाटी नसलेल्यापेक्षा जास्त बेभरवशाचा ठरतो.

शेजारच्या पथारीवर तीच कुर्ती ३०० ला जात असेल तर आधी ती उघडून बघा. डिझाइन तेच, कापड हलकं, असं बऱ्याचदा असतं. माल खरंच तोच असेल तर त्याचा पीछा करत खाली उतरू नका, त्याने पडता काढलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. ते डिझाइन एक-दोन बाजार पुढून काढून दुकानात लावा, बाजारात दुसरं मांडा, आणि पुढच्या खेपेला सुरतेत दोघं मिळून ठरवा की कोणी कोणता सेट उचलायचा. आणि रोज रात्री वहीत तीन आकडे लिहा: नग किती गेले, पैसे किती आले, सरासरी किती बसली. २५ नगांचे ८,२५० आले तर सरासरी ३३०. ती सलग दोन बाजार ३२५ च्या खाली आली, की बोलण्यात ढिलाई झालीय किंवा पडता बदललाय. कोणतं ते त्याच रात्री शोधा.